मुलीचं पत्र इंग्रजीत नेताना तिचा आवाज कुठे जातो?

प्रश्न: «मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे, मराठी माध्यम. फिनलंडच्या पत्रमैत्रिणीला मराठीत धमाल पत्र लिहिते, मी इंग्रजी करते. पण ते वाचलं की शाळेचा अर्ज वाटतो. काय चुकतंय? तिच्या ओळी: "काल इतका धो धो पाऊस पडला की सोसायटीतला कुत्रा गाडीखाली जाऊन बसला आणि बाहेर यायलाच तयार नाही. आई म्हणाली तो आपल्यापेक्षा शहाणा आहे. आणि माझ्या बुटात तर मुळा-मुठा!"»

अर्ज वाटतो, कारण तुम्ही (बहुतेक) प्रत्येक वाक्य सुधारताय. आमच्याकडचं पहिलं पत्र पुण्यातल्याच एका भाषांतर करून देणाऱ्या कार्यालयात दिलं होतं. जन्मदाखले आणि गुणपत्रिका करणारी माणसं ती. पत्राची सुरुवात 'रिस्पेक्टेड फ्रेंड'ने झाली आणि पैसे मात्र पानाप्रमाणे घेतले. त्यांना दोष किती द्यायचा, पण मुलांचं पत्र तिथे देऊ नका, एवढं नक्की.

त्यांची सगळ्यात महागात पडलेली दुरुस्ती पावसाचीच होती. 'धो धो' दिसल्याबरोबर त्यांनी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' ठोकून दिलं. आपल्याला शाळेत ते पाठ करायला लावलेलं असतं, म्हणून हात तिकडेच जातो. पण समोरची मुलगीही बहुधा इंग्रजी शिकतेच आहे. ती शब्दकोश उघडून बसणार, आणि तुमच्या पत्रात तर पुढच्याच शब्दांत खरा कुत्रा आहे! मग मांजर कुठे गेलं, हा प्रश्न येणारच. म्हणून म्हणी, वाक्प्रचार नकोत. 'गिव्ह अप', 'टर्न आउट' अशी जोडक्रियापदंही टाळा, कारण त्यातल्या दोन शब्दांचे वेगवेगळे अर्थ बघून काहीच कळत नाही.

तुमच्या ओळी मी अशा करेन: 'यस्टर्डे इट रेन्ड अँड रेन्ड. इन मराठी वी से धो-धो! द डॉग इन अवर बिल्डिंग सॅट अंडर अ कार. ही डिड नॉट वॉन्ट टु कम आउट. नॉट अ‍ॅट ऑल! माय आई (मदर) सेड, "ही इज स्मार्टर दॅन अस." अँड माय शूज? द मुळा-मुठा वॉज इन देम! दॅट इज अवर रिव्हर.'

आता यात काय केलं ते सांगते. 'रेन्ड अँड रेन्ड' ही इंग्रजीतली साधी द्विरुक्ती आहे, धो धो त्यात बरंचसं बसतं. आणि मराठी आवाज तसाच ठेवला की त्या मुलीला तो मोठ्याने म्हणून बघायला मजा येते. 'यायलाच' मधला 'च' हा खरा घोळ. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही, म्हणून तो गाळला जातो आणि पोरीचा ठसका निघून जातो. त्याचं वेगळं छोटं वाक्य करा, 'नॉट अ‍ॅट ऑल'. 'तयार नाही' हा वर्तमानकाळ मात्र ठेवू नका; मराठीत गोष्ट सांगताना तो सहज येतो, इंग्रजीत कुत्रा अजून गाडीखालीच आहे असं वाटेल. आईचं बोलणं अवतरणात थेट द्या, 'दॅट'ची भानगड नको.

बुटातली मुळा-मुठा हा विनोद आहे, आधी समजावला की मेला. 'माय शूज वेअर फुल ऑफ वॉटर लाइक अवर रिव्हर मुळा-मुठा' असं लिहिलंत तर विनोदाची चौकशी समिती बसली. नदी आधी बुटात पडू दे, ती नदी आहे हे नंतर चार शब्दांत सांगा.

'गं', 'ना', 'बरं का' यांचे प्रतिशब्द शोधत बसू नका. 'तुझ्याकडे पण असा पडतो का गं?' मधला 'गं' जवळीक दाखवतो, तेच काम वाक्याच्या शेवटी मैत्रिणीचं नाव घालून होतं. 'चहा-बिहा' असेल तर 'टी अँड थिंग्ज' पुरे. आणि गोड वाटावं म्हणून मुद्दाम चुकीचं स्पेलिंग घालू नका. काहींना ते आवडतं, मला तर पोरीची नक्कल केल्यासारखं वाटतं. शिवाय शिकणारी मुलगी तीच चूक उचलेल.

पत्र झालं की इंग्रजीवरून एकेक वाक्य तिला मराठीत परत सांगा, मूळ कागद न बघता. 'मी असं नाही म्हटलं' असं ती जिथे म्हणेल तिथे थांबून तेवढंच वाक्य बदला. आठ वर्षांची मुलं यात फार कडक असतात.

जाता जाता: तारखेत महिना अक्षरात लिहा, 5/7 हे कुणी मे वाचतं, कुणी जुलै. आणि तिचं मराठी पत्र, रेघा-चित्रांसकट, इंग्रजीसोबत त्याच पाकिटात घाला.