दीड वर्षाचा मुलगा चालतो पण बोलत नाही, डॉक्टरकडे न्यावं का?

मुलगा १८ महिन्यांचा आहे, चालायला १३व्या महिन्यात लागला, पण "मामा" सोडून एकही शब्द नाही. सगळे म्हणतात मुलगे उशिरा बोलतात, थांबू का?

थांबू नका, दाखवून घ्या. मुलगे सरासरी थोडे उशिरा बोलतात हे खरंय पण फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो, त्यावर वर्ष घालवण्यात अर्थ नाही. चालण्याची काळजी सोडा, १८ महिन्यांपर्यंत चालला नसता तर तेही दाखवावं लागलं असतं.

शब्द मोजण्याआधी हे बघा, हातवारे न करता नुसतं "बॉल आण" म्हटलं तर आणतो का आणि एखादी गोष्ट तुम्हालाही दिसावी म्हणून बोट दाखवून तुमच्याकडे बघतो का. दोन्ही करत असेल तर बऱ्यापैकी दिलासा, नसेल तर लगेच अपॉइंटमेंट घ्या.

कानाची तपासणी दोन्ही केसमध्ये मागा. जन्मानंतरची टेस्ट पास असली तरी पुढे वारंवार सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येऊ शकतं, आणि अशी मुलं दार आपटलं की वळतात म्हणून घरात कुणाला शंकाच येत नाही!

आणि येत असलेले शब्द बंद झाले तर वय काहीही असो, लगेच दाखवा.