क्रॉनमध्ये `0 3 1-7 * 1` लिहिलंय, मला फक्त महिन्याचा पहिला सोमवार हवाय, मग जॉब बुधवारी पण का चालतो?

कारण तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन त्यांच्यात "किंवा" लावतो. मिनिट, तास, महिना जुळावेच लागतात, पण दिवसाचं ठरवताना दोन्हीपैकी एक जुळलं तरी पुरतं. म्हणजे तुमचा जॉब १ ते ७ रोज चालणार आणि वर उरलेले सगळे सोमवार.

हीच ओळ मला चांगली महागात पडलीय. ग्राहकांना मंथली रिपोर्ट मेल करणारा जॉब होता, पहिल्या सोमवारी पहाटे तीनला. मी वार तपासायची अट स्क्रिप्टमध्ये टाकली होती, पण रिव्ह्यूमध्ये सीनियरने ती काढायला लावली, म्हणे वेळेची अट क्रॉनमध्येच हवी, पाचही रकाने जुळल्याशिवाय जॉब सुटतच नाही. मंगळवारी ३० तारखेला ओळ टाकली. बुधवारी १ तारखेला मेल गेले, गुरुवारी परत तेच, शुक्रवारी परत, आणि ग्राहकांचे फोन सुरू झाले. सगळे माझ्या स्क्रिप्टच्या मागे लागले, रीट्रायमध्ये लूप अडकला असणार म्हणून तीन दिवस तोच कोड वाचत बसलो. शेवटी मी लॉग उघडला:

```
grep CRON /var/log/syslog
```

रोज बरोबर 03:00:01 ला एकच एंट्री. लूप असता तर एकाच पहाटे चार-पाच मेल गेले असते, इथे क्रॉनच रोज नव्याने जॉब सोडत होता. त्या महिन्यात सोमवार होते ६, १३, २० आणि २७, म्हणजे ओळ तशीच राहिली असती तर एकाऐवजी दहा वेळा मेल गेले असते. `man 5 crontab` मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, रिव्ह्यू करणाऱ्याने निदान तेवढं वाचायला हवं होतं.

तुम्ही असं करा, वाराच्या रकान्यात `*` ठेवून तो मोकळा सोडा आणि वार कमांडमध्ये तपासा:

```
0 3 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /opt/jobs/report.sh
```

`%` च्या आधीचा बॅकस्लॅश विसरू नका, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो आणि जॉब एकदाही चालत नाही. टर्मिनलवर हाताने चालवून बघताना तो बॅकस्लॅश तसाच राहिला तरी चालतं. तारीख क्रॉनमध्ये आणि वार कमांडमध्ये, उलटं केलंत तरी चालेल, पण दोन्ही रकाने एकदम भरू नका. अट स्क्रिप्टमध्ये ठेवणं गचाळ आहे असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, मी ऐकलं होतं.

हां, एक राहिलं. हे लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनचं झालं. त्यात रकाना `*` ने सुरू होत असेल, अगदी `*/2` असला तरी, तो मोकळाच धरतात आणि मग "किंवा"चं "आणि" होतं, म्हणून `0 3 */2 * 1` फक्त विषम तारखेच्या सोमवारी चालतो. जावाचा शेड्युलर क्वार्ट्झ वापरत असाल तर तिथे दोन्हीपैकी एका रकान्यात `?` लागतोच, आणि पहिल्या सोमवारसाठी सरळ `MON#1` लिहिता येतं.