ट्रॅशमधूनही काढून टाकलेला ऑफिसचा मेल परत मिळतो का?

प्रश्न: ऑफिसच्या जीमेल खात्यातला एक मेल मी चुकून डिलीट केला आणि नंतर ट्रॅशही रिकामा केला. आज बारा दिवस झाले. तो परत मिळेल का? आमचा अ‍ॅडमिन म्हणतो की ट्रॅशमधून गेलेला मेल कायमचा गेला.

मिळण्याची शक्यता चांगली आहे, मात्र ते काम तुमच्या हातचे नाही, अ‍ॅडमिनच्या हातचे आहे आणि त्यासाठी तुमच्याकडे साधारण तेरा दिवस उरले आहेत. तुमच्या अ‍ॅडमिनचे म्हणणे वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर बरोबर आहे, कारण `Delete forever` दाबल्यानंतर तुमच्या पडद्यावर तो मेल परत आणणारे कोणतेही बटण राहत नाही. गूगल वर्कस्पेसच्या खात्यात मात्र असा मेल कायमचा काढला गेल्यापासून आणखी २५ दिवस अ‍ॅडमिनला परत आणता येतो.

यात दोन वेगवेगळी घड्याळे चालतात आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. मेल डिलीट केला की तो ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो आणि त्या मुदतीत तो कोणीही स्वतःच्या हाताने बाहेर काढू शकतो. ३० दिवस पूर्ण झाले की जीमेल तो आपोआप काढून टाकते, आणि अ‍ॅडमिनचे २५ दिवस मोजायला तेव्हा सुरुवात होते. म्हणजे ट्रॅशला हात लावला नाही तर एकूण ५५ दिवस मिळतात. ट्रॅश स्वतः रिकामा केला, तर दुसरे घड्याळ त्याच क्षणी सुरू होते आणि पहिल्यातले उरलेले दिवस बुडतात.

मी काही वर्षे एका छोट्या कार्यालयाची खाती सांभाळतो, तिथला एक प्रसंग सांगतो. आमच्या हिशेब विभागातल्या ताईंना मेलबॉक्स भरत आल्याची सूचना येऊ लागली, म्हणून त्यांनी ३ जूनला जुने मेल निवडून डिलीट केले आणि तरीही जागा मोकळी होईना म्हणून १९ जूनला ट्रॅश रिकामा केला. त्यात एका पुरवठादाराचा जानेवारीतला दरपत्रकाचा मेल होता. तो नाही हे ८ जुलैला कळले. १९ जूनपासून तोवर १९ दिवस झाले होते आणि १४ जुलैला मुदत संपणार होती. ट्रॅश तसाच राहिला असता, तर तो ३ जुलैला आपोआप रिकामा झाला असता आणि मला २८ जुलैपर्यंत वेळ मिळाला असता.

मी `admin.google.com` उघडून `Directory` मधून `Users` मध्ये गेलो, ताईंचे खाते शोधले आणि `More options` मधून `Restore data` निवडले. तिथे तारखांची मर्यादा विचारली जाते आणि जीमेल की ड्राइव्ह हे निवडावे लागते. याच ठिकाणी मी चुकलो. मेल जानेवारीतला म्हणून मी जानेवारीची तारीख द्यायला गेलो, पण इतकी मागची तारीख तिथे चालत नव्हती, आणि क्षणभर मलाही वाटले की मेल गेला. प्रत्यक्षात ती तारीख मेल आल्याची नसून तो कायमचा काढला गेल्याची असते. मेल पाच वर्षांपूर्वीचा असला तरी हरकत नाही, फक्त तो ट्रॅशमधून गेल्याचा दिवस गेल्या २५ दिवसांतला हवा. मी १८ ते २० जून ही मर्यादा दिली, म्हणजे आठवणीतली तारीख एखाद्या दिवसाने चुकली तरी निभावले असते, आणि `Restore` दाबले.

मर्यादा इतकी अरुंद ठेवण्याचे कारण असे की या सोयीत एकच मेल निवडता येत नाही. त्या दिवसांत कायमचे काढले गेलेले सगळे मेल एकदम परत येतात, जाहिराती आणि जुनी वार्तापत्रेसुद्धा. ताईंचा मेलबॉक्स आधीच भरत आला होता. पूर्ण २५ दिवस दिले असते, तर ट्रॅशमधून रोज आपोआप गळणारे मेलही परत येऊन बसले असते. काम कधी लवकर उरकते, तर कधी काही दिवस लागतात, म्हणून मेल लगेच दिसला नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. मेल आला की नाही हे इनबॉक्सवर नजर फिरवून ठरवू नका. पाठवणाऱ्याच्या पत्त्यासह शोध घ्या:

```
in:anywhere from:पाठवणाऱ्याचा-पत्ता
```

`in:anywhere` मुळे स्पॅम आणि ट्रॅशसुद्धा धुंडाळले जातात, जे साध्या शोधात होत नाही. हा शोध अ‍ॅडमिनकडे जाण्याआधीही एकदा घ्यावा. मेल फोनवरच्या किंवा संगणकावरच्या वेगळ्या अ‍ॅपमधून डिलीट झाला असेल, तर जीमेलच्या आयमॅप सेटिंगनुसार तो नष्ट न होता `All Mail` मध्ये नुसता जाऊन पडलेला असतो. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींपैकी काही तिथेच मिटल्या आहेत.

या सोयीतून परत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. कायमचे काढलेले मसुदे, म्हणजे ड्राफ्ट, परत येत नाहीत, स्पॅममधून काढलेले मेल येत नाहीत आणि २५ दिवस उलटलेले तर नाहीतच. मुदत उलटल्यावर गूगलकडे एकच आधार उरतो, तो म्हणजे व्हॉल्ट ही कार्यालयाचे मेल जपून ठेवणारी सेवा. तुमच्या कार्यालयाच्या योजनेत तो असेल आणि मेल जपून ठेवण्याचा नियम आधीपासून लावलेला असेल, तर अ‍ॅडमिनला तो मेल तिथे शोधून फाइलच्या स्वरूपात बाहेर काढता येतो. तो आपोआप मेलबॉक्समध्ये परतत नाही, आणि मेल नष्ट झाल्यानंतर लावलेल्या नियमाचा त्याला काही उपयोग नसतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे अख्खे खातेच काढले असेल, तर हिशेब आणखी वेगळा आहे. ते खाते २० दिवसांच्या आत परत आणावे लागते.

वाचणाऱ्या कोणाचे खाते घरगुती, म्हणजे `@gmail.com` असेल, तर ट्रॅशचे ३० दिवस आणि वरचा शोध सोडून बाकीचे लागू होत नाही, कारण तिथे अ‍ॅडमिनच नसतो. गूगलच्या मदत पानावर हरवलेल्या मेलसाठी विनंती करता येते. खाते कोणी बळकावून मेल उडवले असतील तर ती जरूर करावी, पण मेल मिळेलच असे धरून चालू नये.

तुमच्या बाबतीत अ‍ॅडमिनला आजच लेखी कळवा, आणि त्यात मेलच्या तारखेऐवजी ट्रॅश रिकामा केल्याची तारीख ठळकपणे लिहा. मी असे लिहिले असते: ‘माझ्या खात्याचा ट्रॅश मी अमुक तारखेला रिकामा केला. त्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंतची मर्यादा देऊन `Directory`, `Users`, माझे नाव, `Restore data` या मार्गाने फक्त जीमेल परत आणावे. ही सोय त्या तारखेपासून २५ दिवसच चालते.’ तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार दिवस वाढवा. नको असलेले मेल थोडे जास्त परत येतील, ते नंतर काढता येतात.