पेटंटची नोंद परक्या वाचकाला कळावी म्हणून

सप्रेम नमस्कार,

तुझ्या प्रोफाइलचा मसुदा वाचला. काम चांगलं आहे, पण ते मसुद्यातून दिसत नाही. सगळ्यात वर ‘९ पेटंट’ असं लिहिलंस आणि खाली नऊ लांबलचक शीर्षकं दिलीस. भरतीचं काम करणारी व्यक्ती तुझ्या विषयातली नसते. तिला तीन गोष्टी कळायला हव्यात: हे नेमकं काय आहे, ते कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यात तुझा वाटा कोणता. नऊपैकी एकाही ओळीतून हे कळत नाही.

आधी आकड्याचं बघू, कारण तोच आकडा मुलाखतीत अंगावर येईल. तुझ्या यादीत चार प्रकाशन क्रमांक आहेत: US ने सुरू होणारे दोन, एक WO आणि एक EP. हे चारही पंपाच्या बेअरिंगच्या त्या एकाच शोधाचे आहेत. US च्या पहिल्या क्रमांकाच्या शेवटी A1 आहे, म्हणजे तो प्रकाशित झालेला अर्ज. दुसऱ्याच्या शेवटी B2 आहे, म्हणजे त्याच अर्जावर मंजूर झालेलं पेटंट. युरोपच्या EP क्रमांकाच्या शेवटीही A1 आहे, म्हणजे तोही प्रकाशित झालेला अर्जच; तिथली तपासणी अजून संपलेली नाही. WO हा आंतरराष्ट्रीय अर्ज आहे. त्या मार्गाने कुणालाच पेटंट मिळत नाही, ते शेवटी देशोदेशीच्या किंवा प्रादेशिक कार्यालयांकडूनच मिळतं. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ हे शब्द प्रोफाइलमधून काढून टाक. जाणकाराने ते वाचले, तर उरलेल्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. या चार क्रमांकांना मिळून एक पेटंट-कुटुंब म्हणतात आणि यादीत त्याची नोंद एकच असते.

पाचवी ओळ सात महिन्यांपूर्वी दाखल झालेल्या अर्जाची आहे. उरलेल्या चार ओळी म्हणजे तू कंपनीत दिलेली इन्व्हेन्शन डिस्क्लोजर. डिस्क्लोजर म्हणजे ‘असा शोध लागला आहे, पेटंटसाठी विचार करा’ असं कंपनीच्या पेटंट विभागाला कळवणारा अंतर्गत फॉर्म. त्यावर कुठलंही सरकारी कार्यालय निर्णय देत नाही. त्या चारपैकी एकाचंच पुढे मंजूर पेटंट झालं, दुसऱ्यावर हा नवा अर्ज गेला, तिसरं अजून कंपनीच्या पेटंट समितीपुढे आहे आणि चौथं कंपनीने व्यापारी गुपित म्हणून ठेवायचं ठरवलं. म्हणजे तुझे शोध चार आहेत. त्यातलं एक मंजूर आणि एक अर्ज प्रलंबित, हा खरा हिशोब. तुझ्या वयाला तो कमी मुळीच नाही, आणि कुणीही कितीही तपासला तरी टिकणारा आहे.

आता मंजूर पेटंटची नोंद. तू अधिकृत शीर्षक जसंच्या तसं उतरवलंस: ‘फिरत्या यंत्रातील बिघाड ओळखण्याची पद्धत व प्रणाली’. पेटंटची शीर्षकं बहुधा मुद्दाम अशीच मोघम ठेवलेली असतात. त्यावरून नवं काय, हे अभियंत्यालाही कळत नाही. सारांश वाचूनही फारसं हाती लागत नाही, कारण शोधाची कायदेशीर हद्द ठरते ती क्लेममध्ये, म्हणजे शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांमध्ये.

नवं काय ते शोधायची एक खात्रीची वाट आहे. A1 आणि B2 शेजारी शेजारी उघड आणि दोन्हींतला पहिला क्लेम ओळीला ओळ लावून वाच. तुझ्या A1 मध्ये आहे ते असं: मोटर घेत असलेली विद्युतधारा मोजायची, साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायची आणि फरक आढळला की इशारा द्यायचा. B2 मध्ये त्यात एक तुकडा वाढला आहे: मोजणी दोन वेगवेगळ्या गतींना करायची आणि पंपावरच्या भारामुळे पडणारा फरक वजा करायचा. तपासनीसाने आधीची कागदपत्रं पुढे ठेवून पहिला क्लेम नाकारला आणि हा तुकडा घातल्यावर पेटंट मंजूर झालं. नवेपणा त्या वाढीव तुकड्यात आहे. कधीकधी अशी वाढ केवळ शब्दांच्या स्पष्टतेसाठीही होते, त्यामुळे पेटंट विभागातल्या कुणाला तरी ‘मंजुरी याच मुद्द्यावर मिळाली ना?’ असं एकदा विचारून घे.

तो तुकडा हाती आला की नोंद लिहिणं सोपं होतं. प्रोफाइल इंग्रजीत असला, तरी पहिला मसुदा मराठीत लिही, घरातल्या कुणाला सांगशील तसा. इंग्रजीत आपण नकळत पेटंटचीच भाषा लिहू लागतो. माझ्या मते तुझी नोंद अशी व्हावी:

‘पंपाचं बेअरिंग झिजत आहे हे वेगळा सेन्सर न बसवता, मोटर घेत असलेल्या विजेवरूनच ओळखण्याची पद्धत. पंपावरचा भार बदलला की नेहमीच्या पद्धती खोटा इशारा देऊ शकतात. ही पद्धत दोन गतींना मोजणी करून भाराचा परिणाम वेगळा काढते. ३ सह-शोधकांपैकी एक. भार वेगळा काढण्याची गणनपद्धत आणि तिची चाचणी माझ्याकडे होती. मंजूर पेटंट, US (क्रमांक). त्याच शोधाचा युरोपमधला अर्ज प्रलंबित. विषय: मोटर करंट सिग्नेचर ॲनालिसिस.’

पहिल्या वाक्यात काय केलं ते आहे, दुसऱ्यात आधीचं कुठे अडत होतं ते आणि तिसऱ्यात वेगळं काय केलं ते. मग तुझा वाटा आणि टप्पा. तांत्रिक नाव शेवटी ठेवलं आहे. ते शोधून येणाऱ्याला सापडलं पाहिजे, पण न कळणाऱ्याच्या वाटेत सुरुवातीलाच आडवं येऊ नये. अधिकृत शीर्षक शीर्षकाच्या रकान्यात राहू दे, म्हणजे लिंक उघडणाऱ्याला ताळमेळ लागेल.

ही नोंद विषयाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला वीस सेकंद दाखव, मग काढून घे आणि ‘मी काय केलं?’ असं विचार. ‘तू एक सेन्सर बनवलास’ असं उत्तर आलं, तर नोंद चुकली आहे, कारण तुझ्या शोधाचं मर्म सेन्सर न लागण्यात आहे. मग ‘वेगळा सेन्सर न बसवता’ हे शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला ने. चुकीचं उत्तरच दाखवतं की कोणता शब्द हलवायचा.

वाट्याबद्दल थोडं जपून लिही. पेटंटवरच्या नावांच्या क्रमावरून कुणाचा वाटा किती हे ठरत नाही, म्हणून ‘पहिला शोधक’ किंवा ‘मुख्य शोधक’ असं लिहू नकोस. कोणता भाग तुझ्याकडे होता एवढंच सांग. तो सह-शोधकांना दाखवता येईल असा असावा. पेटंटची मालकी कंपनीची आहे आणि तुझं नाव शोधक म्हणून आहे. ‘माझ्या मालकीचं पेटंट’ असा अर्थ निघेल असं काही नको. पेटंट मंजूर झालं म्हणून ती पद्धत उत्पादनात वापरात आहे असंही ठरत नाही. वापरात असेल आणि कंपनीने तसं जाहीर केलेलं असेल, तरच लिही. किती खर्च वाचला, किती यंत्रांवर बसवलं, हे आकडे कंपनीचे आहेत. परवानगीशिवाय ते देऊ नकोस.

अप्रकाशित अर्जाबद्दल मला खरी काळजी वाटली, कारण तू त्याचं पूर्ण शीर्षक आणि दोन ओळींचं वर्णन देऊन ठेवलंस. अर्ज दाखल झालाय, मग आता काय बिघडणार, असं वाटणं साहजिक आहे. अर्जात जे लिहिलं आहे त्याला दाखल केल्याची तारीख मिळालेली असते हे खरं. पण पुढे त्यात सुधारणा झाली आणि ती त्या अर्जात नसेल, तर तुझंच वर्णन त्या सुधारणेच्या आड येऊ शकतं. अमेरिकेत शोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला एक वर्षाची सवलत आहे. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. दुसरं म्हणजे, प्रकाशनापूर्वी अर्ज मागे घेऊन शोध गुपित ठेवण्याची मुभा कंपनीला असते. तू तपशील उघड केलास की तो पर्याय संपला. तेव्हा ही ओळ इतकीच असू दे: ‘१ पेटंट अर्ज दाखल, अद्याप अप्रकाशित; क्षेत्र: औद्योगिक पंपांची देखभाल.’ एवढंही पेटंट विभागाला विचारूनच. अर्ज क्रमांक देण्यात अर्थ नाही, प्रकाशनापूर्वी बाहेरच्या कुणाला त्यावरून काही सापडत नाही. आणि तो पहिला अर्ज प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, असेल, तर ‘प्रोव्हिजनल पेटंट’ असं कधीच लिहू नकोस. तशी वस्तू नसते, असतो तो प्रोव्हिजनल अर्ज.

डिस्क्लोजरची जागा पेटंटच्या विभागात नाही. ती नोकरीच्या अनुभवाखाली एका ओळीत जातील: ‘कंपनीच्या पेटंट समितीकडे ४ इन्व्हेन्शन डिस्क्लोजर सादर, त्यांपैकी २ वर कंपनीने पेटंट अर्ज दाखल केले.’ विषय नाही, शीर्षक नाही. समितीपुढे असलेल्या शोधावर अजून अर्जच नाही, त्यामुळे त्याबद्दलचा एक शब्दही महागात पडू शकतो. गुपित ठेवलेल्याचं तर नावही नको. तरीही ही ओळ बरंच सांगते: तुला शोध ओळखता येतो, लिहून मांडता येतो आणि मांडलेल्यांपैकी निम्म्यांवर कंपनीने खर्च करायचं ठरवलं. भरती करणाऱ्या व्यक्तीला यातलं ‘चारपैकी दोन’ लगेच समजतं, म्हणून सादर केलेले आणि पुढे गेलेले हे दोन्ही आकडे हवेत. नुसतं ‘४ डिस्क्लोजर’ लिहिलंस, तर तिला ती चार पेटंटच वाटतील.

लिंक्डइनवर पेटंटसाठी वेगळा विभाग आहे. त्यात मंजूर की प्रलंबित हे निवडावं लागतं. कुटुंबाची एकच नोंद कर, ती मंजूर म्हणून, आणि B2 ची लिंक दे. पेटंटवर तुझं नाव मधल्या नावासह आहे आणि प्रोफाइलवर नाही. तपासणाऱ्याला ती दुसरीच व्यक्ती वाटू नये म्हणून वर्णनात ‘पेटंटवरील नाव’ असं लिहून ते दे. मंजुरीची तारीख तू नोकरी बदलल्यानंतरची आहे, तेव्हा काम कोणत्या नोकरीत आणि कोणत्या वर्षी केलं हेही जोड. नाहीतर हे काम नव्या कंपनीतलं समजलं जाईल.

शेवटचं काम तारखेचं. बहुतेक ठिकाणी अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. तुझ्या नव्या अर्जाचे ७ महिने झाले, म्हणजे आणखी ११ महिन्यांनी गूगल पेटंट्सवर स्वतःचं नाव घालून शोध. A1 क्रमांक दिसला, की ती एक ओळ काढून वर दाखवली तशी पूर्ण नोंद लिहिता येईल, अर्थात टप्पा ‘प्रलंबित’ ठेवूनच. तोपर्यंत सुधारलेला मसुदा पाठव, क्लेमशी ताडून पाहू.