आधी पैसे, मग वॉलेट, बँकेचं खातं शेवटी

प्रश्न: सर, मी राजारामपुरीत लेडीज टेलरिंग करते. माझ्या मोबाइल वॉलेटमध्ये ३,८६० रुपये आहेत. वॉलेटमधून घेतलेली इस्त्री परत केली, तिचे १,२४० रुपये ‘पेंडिंग’ दिसतात. वॉलेटला माझं जुनं पगाराचं बँक खातं जोडलंय. त्यात मिनिमम बॅलन्सचा दंड कापतात म्हणून तेही बंद करायचंय. गांधीनगरला अस्तराचं कापड घेताना वॉलेटमधले पैसे जात नाहीत, बँकेतले जातात. मुलगा म्हणतो, अ‍ॅप डिलीट कर, विषय संपला. वॉलेट बंद करू का, आणि आधी काय करू?

उत्तर:

ताई, वॉलेट बंद करा. मुलाचं मात्र एवढ्यात ऐकू नका. अ‍ॅप डिलीट केल्याने फोनवरचं चित्र जातं. वॉलेट, त्यातली शिल्लक आणि बँकेला दिलेल्या परवानग्या कंपनीकडे जशाच्या तशा राहतात.

गांधीनगरची गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत, पण सगळ्याची किल्ली तिथेच आहे. फक्त मोबाइल नंबर, ओटीपी आणि कागदाचा एखादा नंबर देऊन उघडलेलं वॉलेट हे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ‘स्मॉल’ वॉलेट. त्यात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. त्यातून खरेदी करता येते, बिल भरता येतं, पण कुणाच्या बँक खात्यात पैसे पाठवता येत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या क्यूआरवरही ते सहसा चालत नाही, कारण ती सोय पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटलाच बंधनकारक आहे. कापडवाल्याचा क्यूआर दुसऱ्या कंपनीचा असणार. बँकेतले पैसे यूपीआयने गेले, वॉलेट अडलं. याचा अर्थ तुमची पूर्ण केवायसी झालेली नाही, असं मी धरून चालतो. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये एकदा खात्री करून घ्या.

मग असं वॉलेट बंद करताना शिल्लक कुठे जाते? नियमाने ती जिथून भरली होती तिथेच परत जाते, म्हणजे ज्या खात्यातून किंवा कार्डातून तुम्ही पैसे टाकले तिथे. दुसऱ्या खात्यात हवी असेल तर आधी केवायसी पूर्ण करावी लागते. आता तुमची गोम बघा. वॉलेट भरलंय जुन्या पगाराच्या खात्यातून, आणि तेच खातं तुम्हाला बंद करायचंय. ते आधी बंद केलंत तर परत येणाऱ्या पैशांना दारच उरणार नाही. मी स्वतः हे भोगलंय. काही वर्षांपूर्वी बँक बदलायच्या घाईत खातं आधी बंद केलं आणि वॉलेट नंतर. सहाशे-साडेसहाशे रुपयांसाठी दोन महिने बँक म्हणायची वॉलेटवाल्यांना विचारा, वॉलेटवाले म्हणायचे बँकेला विचारा. त्यामुळे बँकेचं खातं सगळ्यात शेवटी, आणि सिमकार्डही तोवर बदलू नका, कारण प्रत्येक पायरीला ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आता पेंडिंगचं. इस्त्रीचे पैसे वॉलेटमधून गेले होते, तर परतावा वॉलेटमध्येच येतो. तो बँकेत मागून मिळत नाही. तो यायच्या आधी वॉलेट बंद झालं तर विक्रेत्याने पाठवलेले पैसे बंद दारावर आपटून त्याच्याकडे परत जातात, आणि मग त्याच्या मागे फिरणं आलं. म्हणून १,२४० जमा होईपर्यंत थांबा. पण हातावर हात ठेवून नाही. विक्रेत्याच्या ऑर्डरमध्ये बघा, तिथे फक्त ‘वस्तू परत मिळाली’ लिहिलंय की ‘परतावा पाठवला’ असं लिहून सोबत तारीख आणि संदर्भ क्रमांक दिलाय. पहिलं असेल तर पैसे अजून विक्रेत्याकडेच आहेत, वॉलेट कंपनीला फोन करून काही होणार नाही. दुसरं असेल तर तो क्रमांक वॉलेट कंपनीला द्या, त्यांना तो शोधता येतो.

इथे लोक एक गल्लत करतात. वॉलेटमधून पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचल्याचा निरोपच गेला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने ती रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमचा व्यवहार पुरा झाला होता, वस्तू तुम्ही नंतर परत केलीत. त्याला हे रोजचे शंभर लागू होत नाहीत, तिथे विक्रेत्याची परताव्याची मुदत चालते.

थांबायच्या काळात शिल्लक कमी करत आणा. पण त्याआधी अ‍ॅपमध्ये ‘ऑटो अ‍ॅड मनी’ किंवा तशा नावाची सोय चालू आहे का, ते बघा. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की ती जोडलेल्या खात्यातून आपोआप पैसे ओढते. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांनी वॉलेट रिकामं करायला वीजबिल भरलं, आणि संध्याकाळी बघतात तर वॉलेटमध्ये पुन्हा हजार रुपये! पासबुकात त्या दिवशीची नोंद बघितल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याही पासबुकात वॉलेट कंपनीच्या नावाने तुम्ही न केलेली वजावट दिसली, तर हेच चालू आहे समजा आणि आधी ते बंद करा.

आता हिशोब मांडू. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ३,८६० च्या खाली बारीक अक्षरात २५० रुपये कॅशबॅकचे आहेत. असे पैसे बँकेत परत मिळत नाहीत आणि बहुतेक वेळा त्यांना मुदत असते, म्हणून ते नियमात बसतील तिथे पहिल्यांदा वापरून टाका. तुमचे खरे पैसे ३,६१०, आणि परतावा आला की ४,८५०.

एक मार्ग म्हणजे केवायसी पूर्ण करून सगळे पैसे बँकेत वळवायचे. पूर्ण केवायसी ओटीपीवर भागत नाही. व्हिडिओ कॉलवर किंवा समोरासमोर कागद दाखवावे लागतात. शिवाय बऱ्याच कंपन्या वॉलेटमधून बँकेत पैसे पाठवायला टक्केवारी घेतात. समजा तीन टक्के. ४,८५० वर साधारण १४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २६, म्हणजे १७१ रुपये गेले. जिथून निघायचंय तिथे आणखी कागद देऊन वर पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. शिल्लक चाळीस हजार असती तर मी वेगळं बोललो असतो.

दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही असंही जे भरणारच आहात ते वॉलेटमधून भरायचं. दुकानाचं आणि घरचं महावितरणचं बिल, घरफाळा, पाणीपट्टी, गॅसचा सिलिंडर, मुलाचं रिचार्ज. दोन्ही वीजबिलं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास होतात असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. म्हणजे आहे ती शिल्लक याच महिन्यात संपेल, आणि इस्त्रीचे १,२४० आले की सिलिंडर आणि रिचार्ज. बिल भरताना चार-पाच रुपये सेवाशुल्क दिसलं तर तेही बघा, पण १७१ च्या पुढे ते काहीच नाही. शेवटी चाळीस-पन्नास रुपये उरले तर ते बंद करताना जुन्या खात्यात परत जातील. माझं मत याच मार्गाला.

मात्र खर्च करायचा म्हणून खर्च करू नका. नको असलेला कुर्ता घेऊन वॉलेट रिकामं करण्यापेक्षा पैसे मूळ खात्यात परत मागवलेले बरे. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून पडूही देऊ नका. वॉलेटमधल्या पैशांवर व्याज मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला विमा असतो तसा तो बँकेतर कंपनीच्या वॉलेटला नसतो, तिला ते पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, एवढंच. वर्षभर व्यवहार झाला नाही की वॉलेट निष्क्रिय होतं आणि पुन्हा पडताळणी मागतात. काही कंपन्या तर अशा पडून असलेल्या वॉलेटवर देखभाल शुल्क लावतात.

परतावा आला आणि शिल्लक संपली की गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करा. अ‍ॅप चालू आहे तोवर ते सहज मिळतं, नंतर मागत बसावं लागतं. मग अ‍ॅपच्या मदत विभागातून वॉलेट बंद करायची विनंती टाका आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भेटणारा ‘साहेब’ परतावा देतो म्हणून यूपीआय पिन टाकायला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगेल. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. चुकून फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

वॉलेट बंद झालं तरी जोडलेलं खातं आपोआप सुटत नाही, कारण वॉलेट आणि यूपीआय एकाच अ‍ॅपमध्ये असले तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआयच्या सेटिंगमध्ये ऑटोपे उघडा. तिथे एखाद्या ओटीटीची किंवा रिचार्जची मासिक परवानगी दिसली तर ती रद्द करा, किंवा हवी असेल तर नव्या खात्यावर घ्या. यूपीआय लाइट चालू असेल तर तेही बंद करा. त्यातले पैसे त्याच बँक खात्यात परत येतात. साठवलेलं डेबिट कार्ड काढा, खातं अनलिंक करा, यूपीआय आयडी डीरजिस्टर करा. अ‍ॅप डिलीट करायचं ते यानंतर, आणि ते काम मुलालाच द्या.

कंपनीने तक्रार फेटाळली, उत्तराने तुमचं समाधान झालं नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. विनंतीचा क्रमांक जपायला सांगितला तो त्यासाठीच.

या सगळ्याला दीड महिना धरा. तोवर जुन्या खात्यात दंड बसणार नाही इतकी रक्कम राहू द्या. वॉलेटची शेवटची रक्कम पासबुकात छापून आली आणि पुढचा एक महिना त्या खात्यातून काहीच कापलं गेलं नाही, की बँकेत जाऊन बंद करायचा अर्ज द्या. चेकबुक आणि डेबिट कार्ड बरोबर न्या.