मुलाखतीच्या दोन्ही वेळा शिफ्टमध्ये येत असतील तर दुसरी वेळ कशी मागायची?

प्रश्न: चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, ७ ते ३:३०. दुसऱ्या कंपनीच्या एचआरने मुलाखतीसाठी मंगळवारी सकाळी ११ किंवा बुधवारी दुपारी ३ असे दोन स्लॉट दिलेत, ऑनलाइन. दोन्ही वेळी मी लाइनवर असणार आणि मोबाइल गेटवर जमा असतो. सुट्टी गुरुवारी. दुसरी वेळ मागितली तर मला गाळतील का? कसं लिहू?

उत्तर: गाळणार नाहीत, पण उत्तर आजच्या आज द्या. मी पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करते, त्यामुळे तुमचा मेल आल्यावर पलीकडे काय होतं ते सांगते.

ते दोन स्लॉट एचआरने स्वतःच्या सोयीने ठरवलेले नसतात. मुलाखत घेणारे दोघं-तिघं असतात. त्यात एक क्वालिटी हेड असतो, त्याच्या मागे ऑडिट आणि कस्टमर व्हिजिट असतात. त्यांच्या कॅलेंडरमधली सामाईक रिकामी जागा शोधून एचआर तेवढ्या वेळा धरून ठेवते. तुम्ही लवकर कळवलंत, तर त्या वेळा दुसऱ्या उमेदवाराला देता येतात आणि तुमच्यासाठी नवीन वेळ शोधायला अवधी मिळतो. सोमवारी रात्री कळवलंत तर तेच काम सगळ्यांना त्रासाचं होतं. उमेदवार हातचा जातो तो मुख्यतः अशा उशिराने.

दुसरी गोष्ट, "या वेळा जमणार नाहीत, दुसरी द्याल का?" एवढंच लिहू नका. मग एचआरला पुन्हा सगळ्यांची कॅलेंडरं पाहून आणखी दोन वेळा शोधाव्या लागतात, आणि त्याही तुमच्या शिफ्टमध्ये येऊ शकतात. त्यापेक्षा तुम्ही कधी मोकळे आहात त्या पट्ट्या द्या, सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहून. पट्टी दिली की त्यात कुठेही तास-पाऊण तास बसवता येतो.

आता तुमचा आठवडा मांडून बघू. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारपासून तुम्ही सेकंड शिफ्टला जाल असं धरते, बऱ्याच ठिकाणी शिफ्ट सुट्टीनंतरच बदलते.

तुमची सगळ्यात भक्कम वेळ गुरुवार आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, पण कंपनी त्या पट्ट्याबाहेरची असेल किंवा तिचं ऑफिस शनिवार-रविवार बंद राहत असेल, तर त्यांचा गुरुवार कामाचा दिवस असतो. सकाळी १० ते संध्याकाळी ६ पूर्ण मोकळा द्या. तीही कंपनी गुरुवारी बंद असेल, तर मात्र या पट्टीचा उपयोग नाही. म्हणून आणखी दोन हव्यात.

शुक्रवारी तुम्ही ३:३० ला कामावर, म्हणजे साधारण अडीचला बस. सकाळी १०:३० ते १ ही वेळ आरामात देता येईल. शनिवारी सकाळ मात्र देताना विचार करा. आदल्या रात्री १२ ला शिफ्ट सुटून घरी पोहोचायला एक वाजतो, आणि सकाळी ९ ला कंट्रोल प्लॅन, एसपीसीवरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ११ च्या आधीची वेळ देऊ नका.

तिसरी पट्टी मंगळवार-बुधवार संध्याकाळ. इथे मोह होतो ४:३० लिहायचा, कारण ३:३० ला शिफ्ट सुटते. पण रिलिव्हर उशिरा आला तर तुम्ही लाइन सोडू शकत नाही, आणि ३:४५ ची बस चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. त्या वेळी मोबाइल गेटवर असतो, म्हणजे उशीर होतोय हे कळवायचीही सोय नाही. म्हणून ५:४५ ते ७:१५ लिहा. पुण्यातले क्वालिटी हेड सहाला ऑनलाइन बसतात, त्यात काही विशेष नाही. पॅनलमध्ये जर्मनीतलं कोणी असेल तर उलट त्यांच्या सोयीचं होतं, आपल्या सहाला तिकडे दुपारचे दीड किंवा अडीच असतात, हिवाळा-उन्हाळ्याप्रमाणे.

मेलचा मजकूर असा ठेवा. ते ज्या भाषेत लिहितात त्या भाषेत पाठवा:

"नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअर पदाच्या मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. मंगळवारी ११ आणि बुधवारी ३ या दोन्ही वेळी मी शिफ्टवर असतो आणि प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. मला पुढील वेळा नक्की जमतील: मंगळवार किंवा बुधवार संध्याकाळी ५:४५ ते ७:१५, गुरुवार सकाळी १० ते संध्याकाळी ६, शुक्रवार सकाळी १०:३० ते १. मुलाखत साधारण किती वेळ चालेल हे कळवाल का? माझ्याशी दुपारी ४:३० नंतर फोनवर बोलता येईल."

शेवटचं वाक्य विसरू नका. एचआर दुपारी १२ ला फोन लावते, तो लागत नाही, दुसऱ्यांदाही लागत नाही, आणि नोंदीत "प्रतिसाद नाही" असं पडतं. कारण एका ओळीत पुरे. कंपनीचं नाव, सुपरवायझरचा स्वभाव, रजा मिळत नाही याची तक्रार, हे काही लिहू नका. आजारपणाचं खोटं कारण तर नकोच. शिफ्ट हे खरं कारण आहे आणि आमच्या क्षेत्रात ते प्रत्येकाला समजतं. मेल अर्थातच वैयक्तिक आयडीवरून जाऊ दे.

कॅलेंडरचं आमंत्रण आधीच आलं असेल, तर मेल पाठवण्यापूर्वी त्यावर नकाराचं बटण दाबू नका. समोर फक्त नकार दिसतो, मागचं कारण दिसत नाही. आधी मेल, मग एक फोन, आणि नवीन आमंत्रण आलं की लगेच होकार.

"याच वेळा आहेत" असं उत्तर आलं, तर ही कितवी फेरी आहे ते विचारा. पहिली, ओळखीपुरती फेरी असेल तर त्यासाठी रजा खर्च करू नका, पुढच्या बॅचमध्ये घ्याल का असं विनम्रपणे विचारा. तांत्रिक फेरी असेल आणि नोकरी खरोखर हवी असेल, तर बुधवारचा स्लॉट धरा आणि पूर्ण दिवसाची रजा टाका. गेटपास घेऊन दुपारी लवकर निघण्याच्या भरवशावर राहू नका. लाइनवर एखादं रिजेक्शन निघालं की क्वालिटीच्या माणसाला कोणी सोडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढे प्लांटवर प्रत्यक्ष बोलावतील तेव्हा तांत्रिक आणि एचआरची फेरी एकाच दिवशी ठेवायची विनंती करा, ती बहुतेक वेळा मान्य होते. आणि तिथे "रिपोर्टिंग १० वाजता" असं लिहिलेलं असेल तर १० ला मुलाखत सुरू होईल असं समजू नका, बाहेर दोन-अडीच तास बसावं लागू शकतं. त्या दिवशी सेकंड शिफ्ट असली तरी कामावर जायचा बेत करू नका.