स्त्रियांत सिग्निफिकंट, पुरुषांत नाही: म्हणून औषध फक्त स्त्रियांवरच चालतं?

प्रश्न: नवी मुंबईत एमडी करतेय. थिसिसमध्ये बीपीच्या औषधाचा परिणाम स्त्रियांत p = ०.०१२ आला, पुरुषांत p = ०.१५. गाईड म्हणतात, ‘औषध स्त्रियांमध्येच गुणकारी’ असं लिही. लिहू का?

उत्तर: नका लिहू. ठाण्यात माझ्याकडे थिसिसचं स्टॅटिस्टिक्स करून घ्यायला येणाऱ्यांच्या फायलींत हे वाक्य हमखास सापडतं.

तुम्ही कॉमेंटमध्ये दिलेले आकडेच घेऊ. स्त्रिया १२०, प्लासिबोपेक्षा सिस्टॉलिक बीपी ५ मिमीने जास्त उतरलं, स्टँडर्ड एरर २. पुरुष ६०, फरक ४ मिमी, एरर २.८. म्हणजे औषधाचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. पुरुष निम्मेच असल्यामुळे त्यांचा एरर मोठा आला आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या पलीकडे गेली. ३६ मार्कांचा पास आणि ३४ चा नापास, म्हणून दोघांच्या अभ्यासात जमीन-अस्मानाचा फरक, असं म्हणण्यासारखंच हे.

तुमचा दावा आहे की दोन गटांतले परिणाम *वेगळे* आहेत. मग तपासायचा तो फरकच: ५ वजा ४, म्हणजे १ मिमी. दोन्ही एररचे वर्ग करून बेरीज करा, ४ + ७.८४, आणि वर्गमूळ काढा: ३.४४. आता १ भागिले ३.४४ म्हणजे ०.२९, आणि त्याची पी व्हॅल्यू ०.७७. हीच इंटरॅक्शन टेस्ट. आरमध्ये एका ओळीत होते:

```
summary(lm(sbp_fall ~ drug * sex, data = d))
```

निकालात `:` असलेली ओळ बघायची, बाकीच्या ओळींवरून हा दावा ठरत नाही.

मात्र ०.७७ आलं म्हणून ‘स्त्री-पुरुषांत परिणाम सारखाच’ असंही लिहू नका. त्या १ मिमीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ५.७ ते अधिक ७.७ आहे, त्यात बरंच काही मावतं. इंटरॅक्शनला सॅम्पल खूप लागतं: गट समसमान असले तरी मुख्य परिणामाएवढाच फरक तेवढ्याच पॉवरने पकडायला साधारण चौपट.

गाईड ऐकत नसतील तर त्यांना १९८८ ची आयसिस-२ ट्रायल दाखवा. हार्ट अटॅकचे १७,१८७ रुग्ण, अ‍ॅस्पिरिनचा फायदा एकूणात अगदी स्पष्ट. तरी संशोधकांनी मुद्दाम राशीनुसार गट पाडले, तर मिथुन आणि तूळवाल्यांत फायदा दिसेना! पाश्चात्त्य राशी, बरं का, आपल्या पंचांगातल्या नव्हेत. पण मिथुनेच्या रुग्णाचं अ‍ॅस्पिरिन त्यावरून कुणी बंद केलं नाही.

थिसिसमध्ये आधी दोन्ही गट मिळूनचा आकडा द्या: साधारण ४.७ मिमी, पी व्हॅल्यू ०.००४. खाली दोन्ही गटांचे परिणाम कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट आणि शेजारी एकच पी व्हॅल्यू, इंटरॅक्शनची. लिंगानुसार बघायचं हे प्रोटोकॉलमध्ये आधीपासून होतं की डेटा हातात आल्यावर सुचलं, तेही स्पष्ट लिहा, व्हायवात एक्स्टर्नल बहुधा तेच विचारतील.